रात्रीचं अर्धं ताट संध्याकाळी

परीक्षेच्या दिवसांत रात्री दहानंतर पुस्तक उघडं आणि डोळे मिटलेले, असं झालं की रात्रीच्या जेवणाला बोल लावला जातो. गडबड बहुतेक वेळा त्याआधीच, संध्याकाळी पाचला, झालेली असते.

१६ वर्षांचा एक मुलगा घ्या. दुपारी एकला घाईत दोन घास, पाचला बिस्किटं आणि गोड पेय. अशा खाण्यात प्रथिनं आणि तंतू जवळजवळ नसतात, त्यामुळे ते पोटात फार वेळ टिकत नाही. साडेसातपासून पोट कुरकुरायला लागतं, गणितं चुकायला लागतात. मग साडेनऊला तो भरपेट, तळलेलं जेवतो. भरल्या पोटी सुस्ती येते, म्हणून अभ्यास होत नाही. चरबीमुळे जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणून अकराला आडवं झाल्यावर छातीत जळजळ होते आणि झोपही नीट लागत नाही. सकाळी भूक नसते, तो नुसता चहा पिऊन पेपरला जातो. दुपारी पुन्हा तेच.

हे चक्र तोडायचं तर रात्रीच्या ताटातला जवळजवळ अर्धा भाग संध्याकाळी साडेपाचला सरकवायचा. दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर उकडलेलं कडधान्य, सोबत वाटीभर भात आणि एक फळ. हे खाणं 'मधल्या वेळचं' म्हणून उरकायचं नाही, बसून जेवायचं. मग आठ-सव्वाआठला वाटीभर भाजी, वाटीभर डाळ आणि थोडा भात पुरतो. झोप अकराची असेल तर मध्ये अडीच-तीन तास मिळतात. त्यानंतर भूक लागलीच तर कपभर दूध किंवा एक केळं. चिप्सचं पाकीट टेबलावर नकोच, कारण वाचता वाचता ते कधी संपलं हे कळत नाही.

कॉफीचा हिशेब वेगळा. शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. सहाला प्यायलेल्या कपातलं निम्मं अकरालाही रक्तात असतं. शेवटचा कप दुपारी दोनपर्यंतच घ्यावा. या वयात आठ ते दहा तास झोप लागते, आणि वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम त्या झोपेतच होतं.

हा बदल पहिल्या पेपरच्या आठवडाभर आधी करावा, ऐन पेपरच्या दिवशी नवं काही पोटात टाकू नये. मधुमेह किंवा पोटाचा आजार असेल तर वेळा डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात.

जमतंय का, हे सकाळच्या भुकेवरून कळतं. उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात खावंसं वाटलं तर रात्रीचं ताट बरोबर आहे. तीन-चार दिवसांनंतरही भूक नसेल तर रात्रीचा भात आणखी कमी करा. आणि साडेनऊला पोट पुन्हा ओरडत असेल, तर कमी पडलंय ते साडेपाचचं ताट.