मोबाइलवरील गेम सबस्क्रिप्शन

ठरावीक रक्कम दरमहा किंवा दरवर्षी भरून फोनवर अनेक गेम जाहिरातींशिवाय खेळण्याची सोय. अ‍ॅपल आर्केड ही सेवा सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. गूगल प्ले पास भारतात २०२२ मध्ये आला, तेव्हा त्याचा दर महिना ९९ रुपये होता आणि नव्या ग्राहकाला पहिला महिना मोफत होता. गेममध्ये विकत मिळणारा ‘बॅटल पास’ मात्र बहुधा एका सीझनपुरती एकदाच केलेली खरेदी असते. त्यात पुढचे पैसे आपोआप कापले जात नाहीत, त्यामुळे रद्द करण्याचाही प्रश्न येत नाही.

मोफत महिना घेतानाच पैसे भरण्याचे साधन जोडावे लागते. यूपीआय निवडल्यास पिन टाकून ‘ऑटोपे’ला, म्हणजे पुढची रक्कम आपोआप कापली जाण्याला, मंजुरी द्यावी लागते. सबस्क्रिप्शनची रक्कम त्या वेळी जात नाही, म्हणून पुढे काय होणार आहे ते सहज विसरले जाते. गेम आवडला नाही की लोक तो फोनवरून काढून टाकतात आणि विषय संपला असे समजतात. फसगत इथेच होते. सबस्क्रिप्शन गेमला नव्हे, खात्याला जोडलेले असते. गेम काढला तरी ते चालूच राहते.

समजा, १० जूनला प्ले पासचा मोफत महिना सुरू केला. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर दाबून Payments & subscriptions आणि मग Subscriptions उघडले, की पहिली रक्कम कधी कापली जाणार ते दिसते; इथे ती तारीख १० जुलैच्या आसपासची असेल. तिथे प्ले पासवर दाबले की Cancel subscription मिळते. रद्द झाल्यावर नूतनीकरणाच्या तारखेऐवजी सेवा संपण्याची तारीख दिसू लागते आणि ईमेल येतो. हे दोन्ही पाहिल्याशिवाय काम झाले असे धरू नये.

आयफोनवर Settings मध्ये आपल्या नावावर दाबून Subscriptions उघडावे. मोफत मुदत संपण्याच्या किमान २४ तास आधी रद्द करावे, असे अ‍ॅपल सांगते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑटोपेची रक्कम कापण्यापूर्वी सूचना यावी लागते, पण तीही किमान २४ तास आधीच. म्हणजे त्या संदेशाची वाट पाहणाऱ्याच्या हातात वेळ उरेलच असे नाही. आर्केडचा मोफत महिना रद्द केला की गेम लगेच बंद होऊ शकतात, म्हणून मुदत संपण्याच्या दोन-तीन दिवस आधीचा एक दिवस ठरवून फोनमध्ये आठवण लावणे बरे.

यूपीआय अ‍ॅपमधून ऑटोपे रद्द केल्यास पैसे थांबतात, पण सबस्क्रिप्शन ‘पैसे थकले’ अशा अवस्थेत राहते आणि दुसरे साधन जोडण्याची विनंती येत राहते. म्हणून आधी सबस्क्रिप्शन, मग ऑटोपे, हा क्रम योग्य.

पैसे जात आहेत, पण यादी रिकामी दिसते, असेही घडते. फोनवर दोन ईमेल खाती असतील तर फोटोवर दाबून दुसरे खाते निवडावे; मुलाने गेम घेतला असेल तर त्याच्या खात्यात पाहावे. ज्या खात्यातून सबस्क्रिप्शन घेतले, त्याच खात्यात ते दिसते आणि तिथूनच रद्द होते.