थकलेल्या बिलाचं स्मरणपत्र कसं लिहावं
आमच्या लघुउद्योजक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बिल तीन-चार आठवडे थकलं की फोन सुरू होतात. समोरून "पुढच्या आठवड्यात बघतो" असं उत्तर येतं आणि त्याची कुठेच नोंद राहत नाही. म्हणून मुदत उलटून दोन-तीन आठवडे झाले की लेखी पत्र पाठवावं.

पत्राआधी अर्धा तास कागद तपासा, कारण पुष्कळदा बिल अडण्याचं कारण आपल्याच बाजूला सापडतं. बिलावर पर्चेस ऑर्डरचा क्रमांक नसला तर कंपनीचा लेखा विभाग ते बाजूला ठेवतो. आपला जीएसटीआर-१ उशिरा भरला गेला असेल तर बिल त्यांच्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसत नाही आणि ते पैसे रोखतात. टीडीएस कापून रक्कम आधीच जमा झालेली असू शकते, तेव्हा बँकेचं स्टेटमेंट आणि आयकराचं २६एएस दोन्ही बघा. आलेले पैसे पुन्हा मागितले तर पुढच्या पत्राचं वजन जातं.

आता एक उदाहरण घेऊ. भोसरीतल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपने १,००,००० रुपयांचे ब्रॅकेट पुरवले. १८ टक्के जीएसटी धरून बिल १,१८,००० रुपयांचं झालं. माल ५ जून २०२५ रोजी पोचला, चलनावर सही-शिक्का आहे. ऑर्डरवर माल मिळाल्यापासून ३० दिवसांची मुदत आहे, म्हणजे ५ जुलै. पत्र २८ जुलैला जात आहे:

"मा. व्यवस्थापक, लेखा विभाग यांस,
विषय : दि. ३ जूनच्या बिल क्र. ४७ ची थकबाकी रु. १,१८,०००
स.न.वि.वि.
आपल्या ऑर्डर क्र. २१२ नुसार दि. ५ जून रोजी माल पोच केला आहे. मालाबद्दल आपली कोणतीही तक्रार आमच्याकडे आलेली नाही. ठरलेल्या ३० दिवसांची मुदत ५ जुलैला संपली असून आज २३ दिवस उलटले आहेत. पूर्ण रक्कम सोमवार, दि. ४ ऑगस्टपर्यंत खाली दिलेल्या बँक खात्यात जमा करावी, ही विनंती. बिलात काही त्रुटी असल्यास ३१ जुलैपर्यंत लेखी कळवावे. पैसे पाठवले असल्यास यूटीआर क्रमांक कळवावा.
आमची उद्यम नोंदणी असून विलंबित रकमेवर एमएसएमईडी कायदा, २००६ च्या कलम १६ नुसार व्याज लागू होते, याची कृपया नोंद घ्यावी.
सोबत : बिल, ऑर्डर व सही केलेल्या चलनाची प्रत."

यात तारीख सगळ्यात महत्त्वाची. "लवकरात लवकर" लिहिलं की तारीख समोरचा ठरवतो. आणि "पगार करायचे आहेत, अडचण आहे" असं लिहू नका. पैसे माल दिल्याबद्दल मागायचे आहेत. अडचण सांगितली की मागणीची याचना होते.

व्याजाचं वाक्य धमकी म्हणून लिहिलेलं नाही, तो कायदा आहे. लेखी करार असला तरी सूक्ष्म वा लघु उद्योगाला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात; करार नसेल तर १५ दिवसांत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. बँक दर ६ टक्के धरला तर १८ टक्के, म्हणजे वरच्या बिलावर पहिल्या महिन्याला १,७७० रुपये. मात्र नोंदणी पुरवठ्याच्या आधीची असावी, नंतर काढलेल्या नोंदणीवर वाद होतो. आणि निव्वळ व्यापाऱ्यांना, उद्यम नोंदणी असली तरी, या तरतुदीचा लाभ नाही. त्यांनी हे वाक्य गाळावं.

खरेदीदाराच्या लेखापालाला व्याजापेक्षा करांची बाजू जास्त लवकर पटते, असं आमचं मत आहे. ३१ मार्चला कायद्याची मुदत उलटलेलं बिल थकलेलंच असेल तर तो खर्च त्यांना त्या वर्षी आयकरात वजा मिळत नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तसा नियम आहे. शिवाय बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. पहिल्या पत्रात हे नको. दुसऱ्या पत्रात दोन ओळींत सांगा.

पत्र ईमेलने आणि स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. व्हॉट्सॲपवर फक्त "पत्र पाठवलं आहे" एवढं कळवा. उत्तरात "रक्कम देणे आहे, थोडा वेळ द्या" असं लेखी आलं तर ते जपून ठेवा. वसुलीच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत चालू असताना सहीनिशी दिलेली अशी कबुली आली, तर ती मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. हप्ते मागितले तर प्रत्येक हप्त्याची तारीख आणि रक्कम लेखी घ्या.

४ ऑगस्ट कोरडा गेला तर ५ तारखेलाच दुसरं पत्र, सात दिवसांच्या मुदतीचं. तेही वाया गेलं तर याच कायद्याखाली थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करता येतो. त्याला बिल, ऑर्डर, चलन आणि ही दोन्ही पत्रं जोडावीत.