लॅपटॉपला नेट आहे, मग आतल्या मशीनला का नाही?

व्हर्च्युअल मशीन म्हणजे आपल्याच लॅपटॉपच्या पोटात चालणारं दुसरं कॉम्प्युटर, हे आता शाळेतल्या पोरांनाही माहितीये. खरा लॅपटॉप तो होस्ट आणि आत चालणारा तो गेस्ट. पण एक गैरसमज जवळपास सगळ्यांचा असतो, की होस्टला नेट असलं की गेस्टला ते आपोआप मिळायलाच पाहिजे, कारण वायफायचं कार्ड तर एकच आहे ना! कार्ड एकच आहे हे खरंय, पण गेस्टला ते दिसतच नाही. त्याला दिसतं सॉफ्टवेअरने बनवलेलं खोटं नेटवर्क कार्ड, ज्याचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवर कार्ड ओळखायचा नंबर, वेगळा असतो (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये तो 08:00:27 ने सुरू होतो), आणि हे खोटं कार्ड खऱ्या कार्डाला कसं जोडायचं याचे दोन मुख्य प्रकार आहेत, ब्रिज्ड आणि शेअर्ड. व्हर्च्युअलबॉक्समध्ये शेअर्डला NAT म्हणतात.

माझी भाची इथे नाशिकला कॉलेज रोडवर रूम घेऊन राहते, इंजिनिअरिंगला आहे. तिचं उबुंटूचं व्हर्च्युअल मशीन कॉलेजच्या लॅबमध्ये ब्रिज्डवर मस्त चालायचं, तेच रूमवर आणलं की लॅपटॉपवर व्हिडिओ चालू आणि उबुंटूत मात्र एक पान उघडेना. आधी बघितलं की ब्रिज्डच्या सेटिंगमध्ये कुठलं कार्ड निवडलंय, कारण बऱ्याचदा तिथे जुनं केबलचं कार्ड राहून जातं, केबल तर लावलेली नसते, मग नेट येणार कुठून. तिने वायफायचं कार्ड निवडलं तरी फरक पडला नाही, आणि हीच केस मला फार आवडते, कारण इथे सेटिंगमध्ये चूक काहीच नाहीये, वायफायची रचनाच आड येते.

केबलवर डेटा जातो तेव्हा प्रत्येक फ्रेमच्या, म्हणजे डेटाच्या तुकड्याच्या, सुरुवातीला दोन पत्ते असतात, कोणाला पाठवायचंय आणि कोणी पाठवलंय. लॅबमधला साधा स्विच नवीन मॅक अ‍ॅड्रेस दिसला की तो कुठल्या पोर्टवरून आला एवढंच लक्षात ठेवतो, विचारपूस करत नाही. त्यामुळे एकाच केबलमधून लॅपटॉपचा आणि गेस्टचा असे दोन मॅक आले तरी त्याला चालतं. म्हणून ब्रिज्ड मोडमध्ये गेस्ट हे नेटवर्कवरचं एक स्वतंत्र कॉम्प्युटर होऊन जातं, त्याला राउटरकडून स्वतःचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मिळतो.

वायफायमध्ये असं चालत नाही. तिथे लॅपटॉप आधी राउटरशी ओळख करून घेतो, पासवर्डवरून दोघं मिळून गुप्त किल्ल्या ठरवतात, आणि त्या किल्ल्या त्या एका मॅक अ‍ॅड्रेसशी बांधलेल्या असतात. लॅपटॉपकडून राउटरकडे जाणाऱ्या फ्रेममध्ये तीन पत्ते असतात: पहिला राउटरचा, दुसरा पाठवणाऱ्याचा, तिसरा शेवटी जिथे पोचायचंय त्याचा. आता नीट बघा, "हवेत सिग्नल सोडणारा" आणि "मूळ पाठवणारा" यांच्यासाठी मिळून जागा एकच आहे, म्हणजे ते दोघं एकच आहेत असं धरलंय. गेस्टची फ्रेम गेस्टच्या मॅकने पाठवली तर राउटर म्हणतो हा मॅक तर माझ्याशी जोडलेलाच नाही, आणि फ्रेम टाकून देतो. चार पत्त्यांची फ्रेम वायफायमध्ये आहे, पण ती राउटर-राउटर जोडायला वापरतात, आपला नेहमीचा लॅपटॉप आणि घरातला राउटर ती वापरत नाहीत.

मग व्हर्च्युअलबॉक्ससारखी सॉफ्टवेअर्स एक युक्ती करतात, गेस्टच्या फ्रेमवरचा मॅक खोडून तिथे लॅपटॉपचाच मॅक टाकतात, आणि उत्तर आलं की आयपी बघून ठरवतात की हे गेस्टचं आहे. पण गेस्टला अजून आयपीच मिळालेला नाही तेव्हा काय? आयपी मागायचा निरोप, म्हणजे डीएचसीपीची विनंती, तिच्या पोटात गेस्टचा खरा मॅक लिहिलेला असतो. बाहेरचा मॅक बदलला तरी हा आतला तसाच राहतो. राउटर तो वाचतो आणि उत्तर थेट त्या मॅकला पाठवायला जातो, तर त्या मॅकचं कोणीच वायफायवर नाही, उत्तर तिथेच मरतं. उत्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं पाठवलं तरच गेस्टपर्यंत पोचतं. हे राउटर आणि सॉफ्टवेअर यांच्या जोडीवर अवलंबून आहे, म्हणून तेच मशीन एकाच्या घरी चालतं आणि दुसऱ्याच्या घरी चालत नाही.

हे ओळखायचं कसं? गेस्टमध्ये टाका:

```
ip -4 addr
ip route
```

भाचीच्या मशीनमध्ये फक्त 127.0.0.1 दिसलं आणि दुसरी कमांड रिकामी आली, म्हणजे आयपी मिळालेलाच नाही. गेस्ट विंडोजचा असेल तर अशा वेळी 169.254 ने सुरू होणारा पत्ता दिसतो, तो विंडोजने स्वतःच घेतलेला असतो, राउटरने दिलेला नसतो. इथे एक बोलतोच, कुठेही नेट अडलं की "डीएनएसमध्ये 8.8.8.8 टाक" हा जो मंत्र पसरलाय ना, तो इथे काही उपयोगाचा नाही. डीएनएस नावावरून पत्ता शोधून देतो, इथे आपल्यालाच पत्ता नाहीये. तसंच फायरवॉल बंद करणं, मशीन पुसून परत टाकणं, हे कारण न शोधता केलेले नवस आहेत आणि फायरवॉल बंद करण्यात तर नुकसानच आहे.

सेटिंग शेअर्डवर, म्हणजे NAT वर नेलं आणि तिच्या उबुंटूला लगेच 10.0.2.15 मिळाला. हा पत्ता राउटरने दिला नाही, लॅपटॉपमध्येच बसलेल्या व्हर्च्युअलबॉक्सने दिला. पीजीत राहणाऱ्या पोरांची पार्सलं जशी घरमालकाच्या नावावर मागवली जातात आणि कोणतं कोणाचं हे तो वहीत लिहून ठेवतो, तसंच गेस्टचं प्रत्येक कनेक्शन लॅपटॉपच्या नावाने बाहेर जातं आणि पोर्ट नंबरची नोंद आत ठेवली जाते. राउटरला दिसतो फक्त लॅपटॉप, म्हणून वरची सगळी भानगड इथे येतच नाही. कॉलेजच्या वायफायवर लॉगिनचं पान असतं किंवा माणशी एकच डिव्हाइस चालतं, तिथेही बहुतेक वेळा शेअर्ड चालतं आणि ब्रिज्ड अडकतं.

शेअर्डवरही नेट नसेल तर मग हे बघा:

```
ping -c 3 10.0.2.2
curl -I http://1.1.1.1
nslookup wikipedia.org
```

पहिलं लॅपटॉपच्या आतल्या गेटवेपर्यंत, दुसरं बाहेरपर्यंत, तिसरं नावासाठी. पहिली दोन चालली आणि तिसरी अडली तरच दोष डीएनएसचा, आणि वर ज्याला मंत्र म्हटलं तो इथे खरंच लागू पडू शकतो. बाहेरचं तपासायला पिंग मी मुद्दाम नाही घेतलं, NAT मध्ये पिंग कधीकधी नीट जात नाही आणि नेट असूनही नाही असं वाटतं.

शेअर्डची मर्यादा उलट्या दिशेने आहे. भाचीला गेस्टमधली वेबसाइट मोबाइलवर बघायची होती, पण बाहेरून 10.0.2.15 ला पोचताच येत नाही, कारण वहीत नोंद फक्त आतून सुरू झालेल्या कनेक्शनची होते. त्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये होस्टचा 8080 गेस्टच्या 80 ला जोडला, विंडोजच्या फायरवॉलमध्ये तेवढ्या एकाच पोर्टला परवानगी दिली, आणि मोबाइलवर लॅपटॉपचा आयपी टाकून पुढे :8080 लावलं की साइट उघडली. एकदोन पोर्टसाठी एवढं पुरतं. पण गेस्टला नेटवर्कवर खरंच स्वतंत्र दिसायला हवं असेल, दहा सर्व्हिसेस उघड्या ठेवायच्या असतील, तर वायफायशी झुंजत बसू नका, लॅपटॉपपासून राउटरच्या लॅन पोर्टला केबल लावा आणि ब्रिज्डमध्ये ते केबलचं कार्ड निवडा, फक्त होस्टवर व्हीपीएन चालू असेल तर ब्रिज्डमधला गेस्ट त्यातून जात नाही, थेट राउटरकडे जातो, हे लक्षात असू द्या.