फट कमी केली की तेल जास्त तापतं का?

मध्यंतरी एक व्हिडिओ पाठोपाठ तीन जणांनी मला पाठवला. एका ड्रमच्या आत दुसरा ड्रम, मधल्या बारीक फटीत तेल, आतला ड्रम मोटरने फिरवायचा की तेल तापतं, आणि दावा असा की मोटरला जेवढी वीज लागते त्याच्यापेक्षा जास्त उष्णता मिळते. तेल तापतं हे शंभर टक्के खरं आहे. जास्त उष्णता मिळते हे मात्र साफ खोटं. जूलने १८४० च्या दशकात पाण्यात पाती फिरवून, पाणी किती तापलं ते मोजून दाखवलं होतं की जेवढं काम घालाल तेवढीच उष्णता निघते. ड्रमवर लागणारा जोर गुणिले त्याचा वेग, बस, त्याच्यापुढे एक कणही जास्त नाही. पण व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी लिहिलं होतं की "फट अजून बारीक करा, तेल अजून तापेल", आणि मला खरं लिहायचंय ते याच्यावर, कारण हे वाक्य इतकं पटतं की कोणी तपासूनच बघत नाही.

ड्रम सोडून देऊ, दोन सपाट प्लेटा घेऊ. मधे तेल, खालची प्लेट स्थिर, वरची सरकते. प्लेटला चिकटलेला तेलाचा थर प्लेटबरोबरच जातो, त्यामुळे वरचा थर पूर्ण वेगाने, खालचा शून्य वेगाने, आणि मधले सगळे थर पत्त्यांच्या कॅटसारखे एकमेकांवरून घसरत राहतात. या घसरण्याला तेलाचा दाटपणा, म्हणजे व्हिस्कॉसिटी, विरोध करते आणि त्या विरोधावर मात करायला जे काम लागतं ते सगळं तिथल्या तिथे तेलातच उष्णता होऊन जातं. इथे धातू धातूला घासत नाही, तापतं ते तेल, तेलावरच घसरून.

आता आकडे घेऊ. ४० अंशाला इंजिन ऑइलचा दाटपणा साधारण ०.१ पास्कल-सेकंद असतो, वरच्या प्लेटचा वेग १० मीटर प्रति सेकंद धरू, फट ०.१ मिलिमीटर. मग दर चौरस सेंटीमीटरला १० वॅट उष्णता तयार होते. फट दहापट बारीक केली तर १०० वॅट. म्हणजे कॉमेंटवाले बरोबरच म्हणत होते ना? तर नाही. दोन्ही प्लेटा थंड करून एकाच तापमानाला धरून ठेवल्या, तर मधलं तेल प्लेटांपेक्षा किती जास्त तापतं याचं उत्तर दोन्ही फटींसाठी सारखंच येतं, सुमारे ९ अंश.

हे कसं होतं ते मला मनापासून आवडतं म्हणून जरा सावकाश सांगतो. ढोबळ कारण असं की फट निम्मी केली की थर दुप्पट जोरात घसरतात आणि दर घन सेंटीमीटरला चौपट उष्णता होते, पण उष्णतेला बाहेर पडायचा रस्ताही निम्मा होतो, आणि तापमानाचा चढ रस्त्याच्या वर्गावर अवलंबून असतो, म्हणून चौपट गुणिले पाव, हिशोब पुसला गेला. पण याच्याहून सुंदर वाट आहे. फटीच्या बरोबर मधल्या थरावर बसून बघा. तुमच्या नजरेतून वरची प्लेट अर्ध्या वेगाने पुढे जातेय आणि खालची तेवढ्याच वेगाने मागे. आता तुमच्या वरचा कुठलाही एक थर घ्या. तुमच्यापासून त्या थरापर्यंतच्या तेलावर जेवढं काम होतंय ते म्हणजे जोर गुणिले त्या थराचा वेग, आणि तेवढीच उष्णता त्या थरातून बाहेर पडायला हवी, कारण मधल्या थरातून उष्णता कुठेच जात नाही, दोन्ही बाजू सारख्याच आहेत. जोर म्हणजे दाटपणा गुणिले वेगाचा उतार, "दर अंतराला वेग किती बदलतो" तो. आणि बाहेर वाहणारी उष्णता म्हणजे उष्णतावाहकता गुणिले तापमानाचा उतार, "दर अंतराला तापमान किती बदलतं" तो. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना "दर अंतराला" आहे, ते कटतं! अंतरच उरत नाही, फक्त तापमान आणि वेग उरतात. मधल्या थरापासून प्लेटपर्यंत बेरीज केली की हे मिळतं:

ΔT = μU²/8k

यात μ दाटपणा, U वेग आणि k तेलाची वाहकता, सुमारे ०.१४ वॅट प्रति मीटर प्रति अंश. फटीची रुंदी सूत्रात कुठेच नाही. वेग दुप्पट केला तर मात्र तापमानाचा चढ चौपट, म्हणजे ३६ अंश.

मग प्रत्यक्षात बारीक फटीची यंत्रं जास्त का तापतात? कारण १०० वॅट उष्णता शेवटी प्लेटांनाच बाहेर काढायची असते, आणि ते जमलं नाही की प्लेटाच तापतात, त्यांच्याबरोबर तेलही. सूत्र फक्त प्लेटांच्या *वर* किती ते सांगतं. शिवाय तापमान स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो, ०.१ मिलिमीटरच्या फटीत सेकंदाचा साधारण शंभरावा भाग आणि १ मिलिमीटरच्या फटीत सेकंदाहून थोडा जास्त. बेअरिंगमध्ये तेल त्याच्या आधीच बाहेर पडत असेल तर उष्णता तेलच घेऊन जातं, आणि तिथे हे सूत्र लावायचं नाही.

अजून एक गोष्ट मी लपवून ठेवली होती, ती म्हणजे तेल तापलं की पातळ होतं. या तेलाचा दाटपणा दर अंशाला साधारण ४ टक्के घटतो, ते धरलं की १० मीटरच्या वेगाला ९ ऐवजी ७.६ अंशच चढ येतो, २० ला ३६ ऐवजी २२. आणि मग एक विचित्र गोष्ट होते, सुमारे २५ मीटर प्रति सेकंदापर्यंत प्लेट ओढायला लागणारा जोर वाढत जातो आणि त्याच्या पुढे वेग वाढवला तरी जोर *कमी* होतो, कारण तेल पातळ होण्याचा वेग जिंकतो. ५० मीटरला जोर शिखरापेक्षा साधारण १३ टक्के कमी असतो. तुम्ही वेग न धरता जोर ठरवून दिला आणि तो त्या शिखरापेक्षा थोडा जरी जास्त असला, तर शांतपणे टिकेल असा वेगच सापडत नाही, प्लेट पळत सुटते आणि तेल तापत राहतं.

याचा सगळ्यात मोठा फटका बसतो तो दाटपणा मोजणाऱ्यांना. वेग वाढवत नेला की यंत्रावर दाटपणा कमी कमी दिसतो, आणि लगेच निष्कर्ष निघतो की हे तेल जोरात घुसळलं की पातळ होतं, म्हणजे शिअर थिनिंग. तसं असूही शकतं, पॉलिमर घातलेल्या तेलात असतंच. पण नुसतं तापल्यामुळेही हुबेहूब तसाच आलेख येतो. ओळखायचं कसं? फट बदलून. ०.१ मिलिमीटर आणि १० मीटर घेतलं तर आपलं ०.१ चं तेल ०.०८१ दाखवेल. आता फटही निम्मी आणि वेगही निम्मा करा, म्हणजे घसरण्याचा दर तोच राहतो पण तापणं साधारण पावपट होतं, २ अंशांच्या आसपास, आणि वाचन ०.०९४ वर येतं. अजून एकदा निम्मं केलं की ०.०९८ च्या थोडं वर. खरं शिअर थिनिंग असतं तर तिन्ही वाचनं सारखी आली असती, कारण घसरण्याचा दर तिन्ही वेळा तोच होता. म्हणजे कॉमेंटमधल्या सल्ल्याच्या बरोबर उलट, तेल थंड ठेवून मोजायचं असेल तर फट बारीक करायची आणि तिच्याबरोबर वेगही खाली आणायचा.