पाऊस नसताना गोदाम का गळतं?

आकाश निरभ्र, पाऊस कुठेच नाही, तरी पहाटे कोठाराचं दार उघडलं की पोत्यांवर ओले डाग दिसतात. बहुतेक जण आधी छताला भोक शोधतात. भोक सापडत नाही, कारण पाणी आतल्या हवेतूनच आलेलं असतं. पत्र्याला घाम सुटलेला असतो.

गवताने शाकारलेल्या छपरांत ही अडचण फारशी नव्हती. जाड गवतात हवा कोंडलेली असल्याने त्याची आतली बाजू रात्रीसुद्धा फार थंड पडत नसे, आणि थोडी ओल गवत स्वतःच शोषून घेई. कौलांच्या फटींतून दमट हवा निघून जाई. १८२९ मध्ये हेन्री रॉबिन्सन पामर यांनी लंडनमध्ये नालीदार लोखंडी पत्र्याचं पेटंट घेतलं. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये स्टानिस्लास सोरेल यांनी लोखंडाला जस्ताचा मुलामा देण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि पत्र्याचा गंज आटोक्यात आला. हलकं, स्वस्त, मोठ्या गाळ्याचं छप्पर उभं करणं सोपं झालं. मात्र पत्रा ऊब धरत नाही आणि ओलही शोषत नाही. जुनं छप्पर न बोलता करत होतं ती दोन्ही कामं या बदलात सुटली.

गंमत अशी की घामाचं कारण पामरच्या पेटंटाआधीच कळलेलं होतं. विल्यम चार्ल्स वेल्स यांनी १८१४ मध्ये दवावरची निरीक्षणं छापली. सारख्या वजनाचे लोकरीचे पुंजके त्यांनी उंचावर टेकवलेल्या फळीच्या वर आणि खाली ठेवले. सकाळी वरचा पुंजका खालच्यापेक्षा बराच जड भरला. मोकळ्या आकाशाकडे तोंड असलेली वस्तू आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते, भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते आणि मग तिच्यावर दव धरतं. गोदामाचा पत्रा रात्रभर हेच करतो. फरक एवढाच, की दमट हवा त्याच्या खाली कोंडलेली असते, म्हणून पाणी आतल्या बाजूला धरतं. छताला पांढरा रंग दिल्याने दिवसाचं ऊन परततं, पण रात्री उष्णता सोडणं साधारणपणे थांबत नाही. त्यामुळे घामावर तो इलाज नव्हे.

आता एक हिशेब मांडू. गोदाम ३० मीटर लांब, १५ मीटर रुंद, सरासरी ६ मीटर उंच, म्हणजे २७०० घनमीटर हवा. आत २५ अंश सेल्सिअस आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर दर घनमीटरात सुमारे १६ ग्रॅम वाफ असते आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी होऊ लागतं तो, १९ अंशांच्या आसपास येतो. पत्रा १५ अंशांवर उतरला, तर त्या तापमानाची हवा जेमतेम १३ ग्रॅम वाफ धरते. सगळी हवा पत्र्याला लागून थंड झाली असं धरलं, तरी निघणारं पाणी ८-९ लिटर. ते ४५० चौरस मीटर छतावर पसरलं तर प्रत्येक चौरस मीटरला २० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे नुसता ओलसर थर. एवढ्याने पोती भिजत नाहीत.

मग पाणी येतं कुठून? धान्यातून. १४ टक्के ओलाव्याचं १०० टन धान्य साडेतेरा टक्क्यांवर आलं, तर सुमारे ५८० किलो पाणी हवेत गेलेलं असतं. पत्र्याने वाफ ओढून घेतली की धान्य ती पुन्हा भरून काढतं, आणि रात्रीमागून रात्री हे चालू राहतं. म्हणून धान्य आत घेण्याआधी ओलावामापकाने तपासणं हा माझ्या मते छतापेक्षाही आधीचा उपाय आहे.

गळती की घाम, हे ओळखता येतं. गळतीचा डाग पावसानंतर आणि ठरावीक जागी पडतो. घामाचे थेंब निरभ्र, थंड रात्रींनंतर येतात आणि उताराने ओघळून आडव्या पट्ट्यांपाशी, बोल्टांपाशी जमतात. त्यामुळे थप्पीवरचे डाग त्या पट्ट्यांच्या खाली ओळीने दिसतात.

खरा इलाज म्हणजे पत्र्याची आतली बाजू दवबिंदूच्या वर ठेवणं: खालून उष्णतारोधक थर, आणि त्याच्या उबदार, म्हणजे आतल्या बाजूला वाफ अडवणारा पडदा. पडद्याला फट राहिली तर वाफ थरात शिरून तिथेच पाणी होते. पत्र्याला आतून चिकटवलेलं शोषक अस्तर थेंब धरून ठेवतं आणि दिवसा सुकतं, पण हवा खेळती नसेल तर ते भरून जातं आणि ठिबकू लागतं. खिडक्या उघडताना बाहेरच्या हवेचा दवबिंदू आतल्यापेक्षा कमी आहे ना, ते पाहावं. दमट दिवशी खिडकी उघडणं म्हणजे वाफ आत घेणं.

हे होईपर्यंत माल वाचवायचा तर प्लॅस्टिकचा कागद पोत्यांवर सरळ टाकू नये. वरचे थेंब अडतील, पण धान्याची वाफ त्याच्याखाली कोंडून वरची पोती आतून बुरसतील. कागद थप्पीपासून हातभर उंच, उतरत्या चौकटीवर ताणावा, म्हणजे पाणी बाजूला ओघळतं आणि खालून हवा फिरते. त्याची कड थप्पीच्या पुढे आलेली हवी, नाहीतर सगळं पाणी कडेच्या पोत्यांवरच उतरेल.