डेस्कची रात्र कोण ठरवतं?

पेपरच्या डेस्कवर नवीन आलेल्या माणसाला वाटतं की शिफ्टचे टायमिंग संपादकाने ठरवलेत. खरं तर ते पहिल्यापासून ठरत आले ते गाडीवरून. लांबच्या गावांचे गठ्ठे ज्या ट्रेनने जाणार तिची वेळ धरायची, त्यातून छपाई वजा, त्यातून छपाईच्या प्लेटा बनवायचा वेळ वजा, जे उरेल ती डेडलाइन. म्हणून लांबच्या गावांना जाणारी डाक एडिशन संध्याकाळीच किंवा रात्री लवकर बंद आणि सिटी एडिशन मध्यरात्रीनंतर, एकाच अंकाची दोन-तीन क्लोजिंग.

शिशाच्या अक्षरांच्या काळात मधल्या पायऱ्या फार वेळ खायच्या. 1886 ला लायनोटाइप मशीन आलं आणि एकेक अक्षर जुळवायचं काम संपलं, अख्खी ओळ ओतून मिळायला लागली, तरी पुढे प्रूफ, पान बांधणं, त्याचा साचा घेऊन रोटरी मशीनसाठी गोल प्लेट ओतणं हे सगळं होतंच, त्यामुळे उशिरा आलेली बातमी कितीही मोठी असो, पान छपाईला सोडलं की विषय संपला.

यातली एक जरी पायरी लांबली तर काय होतं त्याचा नमुना म्हणजे 1948 ची अमेरिकन अध्यक्षपदाची निवडणूक, ड्यूई विरुद्ध ट्रुमन. शिकागो ट्रिब्यून या पेपरचे अक्षरं जुळवणारे कंपोझिटर 1947 पासून संपावर होते, मग कॉपी टाइपरायटरवर टाइप करून, तिचे फोटो काढून प्लेटा बनवायचे. यात वेळ जास्त जायचा, म्हणून पहिल्या एडिशनची डेडलाइन काही तास आधी आणलेली. निकाल यायच्या आत हेडिंग द्यावं लागलं, अंदाज ड्यूई जिंकणार असाच होता, आणि 'ड्यूईने ट्रुमनना हरवलं' असं छापून मोकळे! नंतरच्या एडिशनमध्ये हेडिंग बदललं पण पहिले गठ्ठे गेले ते गेलेच. पुढे सेंट लुईस स्टेशनवर तोच अंक हातात धरून हसणाऱ्या, निवडणूक जिंकलेल्या ट्रुमनचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय. लोक याला पत्रकारांचा उतावळेपणा म्हणतात, मला यात अर्धा दोष तरी प्लेटांचा वाटतो.

आता पान कॉम्प्युटरवरून थेट प्लेटवर जातं, तो वेळ वाचला. पण गाड्या आहेत त्यामुळे दोन क्लोजिंग आहेतच, आणि वेबसाइटमुळे पहाटेची शिफ्ट आली. रात्रीच्या शेवटच्या शिफ्टचा लेटवाला घरी गेल्यावर सकाळचा येतो, समोरासमोर भेट होतच नाही, सगळी मदार लेटवाल्याच्या नोटवर. समजा आगीच्या बातमीत पहिल्या एडिशनला 4 मृत होते, शेवटच्या एडिशनला 7 केले. नोटमध्ये हे नसेल आणि सकाळच्याने पहिल्या एडिशनची फाइल उचलली, तर साइटवर आकडा 7 चा परत 4 होतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे फाइल सोडल्याची वेळ आणि वृत्तसंस्थेने त्या बातमीचा पाठवलेला शेवटचा भाग, म्हणजे टेक, त्याची वेळ शेजारी ठेवून बघायची. टेक नंतरचा असेल तर ती फाइल शिळी. चांगला लेटवाला म्हणूनच नोटमध्ये बातम्यांची यादी देत बसत नाही, कुठल्या एडिशनला काय बदललं आणि काय होल्डवर ठेवलं एवढंच लिहितो.