केशरी दिवा किती वेळा लुकलुकला?

प्रिंटरला स्क्रीन नाही. पुढच्या बाजूला दोन बटणं आणि दोन छोटे दिवे, एक हिरवा आणि एक केशरी. पान अर्ध्यात अडकतं किंवा येतच नाही, केशरी दिवा लुकलुकायला लागतो आणि आपण घाईघाईने बटणं दाबत सुटतो. माझं सांगणं एवढंच आहे, की त्याआधी दहा-पंधरा सेकंद हात मागे घेऊन नुसतं बघा. तो दिवा एकसारखा लुकलुकत नसतो. तीनदा चमकतो, थोडा वेळ विझून राहतो, पुन्हा तीनदा चमकतो. मधला तो अंधार म्हणजे वाक्य संपल्याची खूण. आपली नजर पडते तेव्हा वाक्य बहुतेक मध्यावर असतं, म्हणून पहिला आकडा सोडून द्यायचा आणि अंधारानंतर मोजायला सुरुवात करायची. लागोपाठ तीन वेळा तोच आकडा आला, की तो खरा.

उदाहरणासाठी कॅननचा आयपी २७७० घेऊ. काळ्या आणि रंगीत अशा दोन कार्ट्रिजवर चालणारा हा साधा इंकजेट पुष्कळांनी वापरलेला आहे. त्याच्या पुस्तिकेत केशरी दिव्याच्या आकड्यांची यादी असते. दोनदा चमकला तर कागद नाही किंवा कागद ओढला जात नाही. तीनदा म्हणजे कागद अडकला. पाचदा म्हणजे कार्ट्रिज बसलेलं नाही. आठदा म्हणजे वाया गेलेली शाई टिपणारा बोळा भरत आलाय. सोळादा म्हणजे शाई संपली. मोठे आकडे मोजताना चूक होतेच, आणि ती महागात पडू शकते. तेरा म्हणजे शाई संपली असावी, पण चौदा म्हणजे कार्ट्रिज ओळखता येत नाही. एका चमकेने सगळा अर्थ बदलतो. सोपा उपाय म्हणजे मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढायचा आणि तो सावकाश चालवून मोजायचं.

हे आकडे दुसऱ्या कंपनीच्या प्रिंटरला लावू नका. कित्येक लेझर प्रिंटरमध्ये चमका मोजायच्याच नसतात. कोणता दिवा स्थिर आहे, कोणता लुकलुकतोय आणि कोणता बंद आहे, या तिन्हींचा मेळ बघायचा असतो. हिरवा दिवा एकटाच लुकलुकत असेल, तर बहुतेक वेळा प्रिंटर नुसता कामात असतो.

आकडा कळला की अर्थ यादीत सापडतो. पण माणसं अडतात ती त्याच्या पुढे. यादी म्हणते ‘कागद नाही’ आणि ट्रेमध्ये तर गठ्ठा दिसतोय! मग प्रिंटर खोटं बोलतोय असं वाटतं. इथे एक प्रश्न विचारायचा: ही गोष्ट प्रिंटरला कळली कशी?

दोन चमकांचंच बघा. अशा साध्या प्रिंटरला ट्रेमधला गठ्ठा दिसत नाही. तो रबरी रोलर फिरवून वरचं पान आत ओढायला बघतो आणि ठरलेल्या वेळात ते आतल्या सेन्सरपर्यंत पोचतं का, याची वाट पाहतो. पान पोचलं नाही तर त्याच्या लेखी कागद नाही. म्हणून खरोखर कागद संपला तरी दोन चमका, आणि धुळीने गुळगुळीत झालेला रोलर पानावरून नुसता घसरला तरी दोनच चमका. आपल्याकडे पावसाळ्यात तिसरं कारण येऊन मिळतं. कागद ओल धरतो, पानं एकमेकांना चिकटतात आणि रोलरला त्यातलं एक सुटं करता येत नाही. गठ्ठा बाहेर काढून पत्त्यांसारखा पिसायचा, कडा सरळ करायच्या आणि पुन्हा लावायचा. तरीही दोन चमका आल्या तर किंचित ओलसर फडक्याने रोलर पुसायचा आणि वाळू द्यायचा. पान ओढताना कान देऊन ऐका. रोलर फिरल्याचा आवाज येतोय आणि पान हलत नाही, तर दोष घर्षणाचा आहे.

तीन चमकांमागचा सेन्सर जवळून बघण्यासारखा आहे. कागदाच्या वाटेत प्लास्टिकची एक बारीक दांडी उभी असते. पान आलं की ती झुकते आणि पान गेलं की स्प्रिंगच्या जोरावर परत उभी राहते. तिचं दुसरं टोक एका इंग्रजी ‘यू’च्या आकाराच्या लहान भागात असतं. त्याच्या एका बाजूला अदृश्य अवरक्त किरण सोडणारा दिवा आणि दुसऱ्या बाजूला तो किरण टिपणारा भाग. दांडी हलली की किरण अडतो किंवा मोकळा होतो. प्रिंटरला कागद कळतो तो एवढाच. दांडी कशामुळे झुकली, हे त्याला कळत नाही.

आमच्या घरी मागे हेच झालं. प्रिंटर वेगळ्या कंपनीचा होता, दोन दिव्यांचा लेझर. पान अडकलं, मी ते ओढून काढलं, झाकण लावलं, तरी इशाऱ्याचा दिवा लुकलुकायचा थांबेना. झाकण पुन्हा उघडून आत टॉर्च मारला, कुठेही कागद दिसला नाही. तेव्हा मी दिवा कधी लागतो याकडे लक्ष दिलं. झाकण बंद केलं, की आतले रोलर तीन-चार सेकंद फिरायचे आणि लगेच दिवा सुरू व्हायचा. छापायला एकही पान दिलेलं नसताना! म्हणजे पान ओढताना काही बिघडत नव्हतं. आधीच वाटेत काहीतरी आहे असं त्याला दिसत होतं, आणि ते बाहेर पडेल म्हणून तो रोलर फिरवून बघत होता. मग प्लग काढला, यंत्र गार होऊ दिलं, कारण लेझरमध्ये शाईची भुकटी वितळवणारा भाग चटका बसेल इतका तापलेला असतो. कागद बाहेर पडतो त्या बाजूची दांडी बोटाने हलवून पाहिली, तर ती अर्ध्यातच अडत होती. तिच्या मुळाशी नखाएवढा, फाटलेल्या कोपऱ्याचा तुकडा होता. चिमट्याने तो काढल्यावर दांडी टक्कन उभी राहिली आणि दिवा गेला. आधीचं पान ओढताना मी तिरकं ओढलं होतं, तेव्हाच तो कोपरा फाटला असणार. तेव्हापासून मी अडकलेलं पान दोन्ही हातांनी, सरळ आणि कागद पुढे जातो त्याच दिशेने काढतो, आणि बाहेर आलेल्या पानाचे चारही कोपरे तपासतो.

तर आकड्याइतकीच वेळही बघायची. प्रिंटर सुरू करताच किंवा झाकण लावताच कागद अडकल्याच्या चमका सुरू झाल्या, तर दांडी आधीपासूनच झुकलेली आहे. पान ओढायला घेतल्यावर सुरू झाल्या, तर रोलर आणि कागद बघा.

सोळा चमकांची गोष्ट वेगळी आहे. इथे प्रिंटर काही बघत नाही, हिशेब करतो. शाई उडवणाऱ्या हेडमधून किती थेंब उडाले, सफाईत किती शाई गेली, याची बेरीज ठेवून तो उरलेली शाई ठरवतो. त्यामुळे कार्ट्रिज बाहेरून रिफिल करून आणलं, तरी याच्या वहीत ते रिकामंच. रिझ्यूम/कॅन्सल लिहिलेलं बटण निदान पाच सेकंद दाबून धरलं, की आयपी २७७० शाईचा हिशेब ठेवणं बंद करतो आणि छपाई पुढे चालू होते. पण हे करताना एक जाण ठेवा. या हेडमध्ये प्रत्येक बारीक छिद्रामागे चिमुकला हीटर असतो. तो क्षणभर तापतो, शाईत वाफेचा बुडबुडा तयार होतो आणि तो थेंब बाहेर ढकलतो. तीच शाई हीटरला गारही ठेवते. हिशेब बंद केल्यावर खरोखर शाई संपली तरी प्रिंटर छपाई थांबवणार नाही, आणि कोरडा तापलेला हीटर जळून जातो. मग शाई भरली तरी त्या छिद्रातून ती उडत नाही, छापलेल्या पानावर कायमची पांढरी रेघ येते. म्हणून छपाई फिकी झाली की तिथेच थांबायचं आणि शाई भरायची.

आठ चमकासुद्धा हिशेबाच्याच. हेड साफ करताना शाई ओढून घेतली जाते, ती प्रिंटरच्या तळाशी असलेल्या नमद्यासारख्या जाड बोळ्यात जिरते. बोळा किती भिजलाय हे मोजणारं तिथे काही नसतं. प्रत्येक सफाईला ठरलेली शाई धरून आकडा वाढवला जातो, आणि प्रिंटर बंद केला तरी तो आकडा पुसला जात नाही. म्हणून प्लग काढून पुन्हा लावल्याने आठ चमका कायमच्या जात नाहीत. तेच बटण दाबलं तर छपाई काही काळ चालते. हा इशारा आहे, पुढचा टप्पा येण्याआधी दुरुस्तीवाल्याकडे जायची वेळ झाली.

पुढच्या टप्प्यात दिव्यांचं वागणं बदलतं. आता केशरी एकटा लुकलुकत नाही, हिरवा आणि केशरी आळीपाळीने चमकतात. असं सातदा झालं की बोळ्याचा हिशेब पुरा भरला. कॉम्प्युटर जोडलेला असेल तर त्यावर 5B00 असा कोड दिसतो. प्रिंटर त्यानंतर एकही पान छापत नाही. आळीपाळीने दोनच चमका आल्या, तर मात्र ते हेड इकडून तिकडे नेणाऱ्या गाड्याचं दुखणं असतं, कोड 5100. तिथे आधी अडकलेला कागद किंवा आत पडलेली क्लिप शोधायची. मग गाड्यामागची बारीक रेघांची पारदर्शक पट्टी बघायची. तिच्यावर शाई किंवा ग्रीस लागलं, तर आपण कुठे आहोत हे गाड्याला कळत नाही आणि तो बाजूला जाऊन धडकतो. मऊ फडक्याने, पट्टी न ओढता, ती पुसता येते.

सातच्या दुखण्यावर दुकानात झटपट इलाज मिळतो. सॉफ्टवेअरने आकडा शून्यावर आणतात आणि दोन मिनिटांत प्रिंटर चालू. पण शाई बोळ्यात होती तिथेच राहते. पुढच्या प्रत्येक सफाईत ती वाढते आणि एक दिवस प्रिंटरखालून टेबलावर उतरते. आकडा शून्य करून देणाऱ्याला आधी सांगा, तळ उघड आणि बोळा दाखव. तो काळाकुट्ट, जड आणि ओला निघाला तर बदलून किंवा धुऊन पूर्ण वाळवून बसवायचा, आणि मगच आकडा शून्यावर आणायचा.